विषय: सकाळच्या मेलमध्ये चुकीची फाइल गेली, क्षमस्व

नमस्कार सुनीता मॅडम,

आज सकाळी साडेदहाच्या मेलसोबत माहितीपत्रकाची चुकीची फाइल गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तो तिसरा मसुदा होता. तुम्ही सोमवारी फोनवर सांगितलेल्या दुरुस्त्या त्यात नाहीत आणि पान ४ वरचे दरही जुनेच आहेत. दोन्ही फाइलींची नावं जवळपास सारखी होती, पण पाठवण्याआधी उघडून बघायला हवी होती. ते माझ्याकडून राहिलं.

एक विनंती: ती फाइल कृपया छपाईला देऊ नका. आधीच पुढे पाठवली असेल तर लगेच कळवा, छापखान्याशी मी स्वतः बोलतो.

योग्य फाइल तयार आहे. मात्र पुन्हा घोळ नको म्हणून सहकाऱ्याकडून एकदा दर ताडून घेतोय. आज दुपारी ४ वाजेपर्यंत ती तुम्हाला मिळेल. फाइलच्या नावात 'अंतिम' आणि आजची तारीख असेल. छपाईचं वेळापत्रक यामुळे पुढे जाणार नाही.

तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल पुन्हा एकदा दिलगीर आहे.

आपला,
मंदार