🏏 मंगळवारपासून प्रॅक्टिस सकाळी पावणेसातला!

नमस्कार मंडळी 🙏

प्रॅक्टिस आता संध्याकाळची नाही, सकाळची. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, पावणेसात ते साडेआठ. मैदान तेच. अर्धा मेसेज वाचून मोबाईल खिशात टाकणाऱ्यांसाठी एवढं पुरे, बाकीच्यांनी पुढे वाचा 😄

गेल्या गुरुवारी जे आले होते त्यांना कारण सांगायला नको. हल्ली सहाला सूर्य मावळतो. आपण साडेपाचला जमणार, मॅटिंग घालून खिळे ठोकेपर्यंत पावणेसहा, आणि तीन ओव्हर झाल्या की काळोख. त्या दिवशी लेगसाइडला गेलेला बॉल आपल्या कीपरला दिसलाच नाही. बिचाऱ्याने आवाजाच्या अंदाजाने उडी मारली ती नेमकी उलट्या बाजूला, आणि बॉल सरळ कुळागरात 🌴 मग सात जण मोबाईलचे टॉर्च लावून पोफळींच्या बुंध्याशी वाकलेले. कुळागरवाल्या काकूंनी वरून हाक मारली, "कोण रे तो? सुपारी चोरताय काय?" बॉल काही मिळाला नाही. सुपाऱ्या तीन मिळाल्या, त्या काकूंना इमानदारीत परत केल्या 😇

आणि फुटबॉलवाले आहेतच ⚽ पाच वाजले की त्यांची अर्धी टीम आपल्या पॉइंटला उभी. भांडण नको, मुलं आपल्याच वाड्यावरची आहेत. मी त्यांच्याशी बोललो. संध्याकाळ त्यांची, सकाळ आपली. जाता जाता एकाने टोमणा मारलाच, "गोव्यात क्रिकेट कोण खेळतो रे?" म्हटलं, बाबा, दिलीप सरदेसाई मडगावचे. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये जाऊन एका सिरीजमध्ये ६४२ रन काढले. तो गप्प झाला. पण खरं सांगू, आपला गेल्या मॅचचा स्कोअर त्याने विचारला नाही हे नशीब 🤫

आता मुद्द्याचं. पावणेसात म्हणजे पावणेसातला पहिला बॉल पडायला हवा. पावणेसातला गाडी स्टँडवर लावून, शूज बदलत "आलो आलो" नव्हे 👟 मॅटिंग एकट्याने उचलत नाही हे मी दोनदा करून बघितलंय, कंबर अजून आठवण काढते. म्हणून साडेसहाला चार जण लागतील. या आठवड्यात मी, आपले दोन्ही ओपनर आणि लेगस्पिनर. ओपनर म्हणून आधी उतरायची सवय आहेच, मैदानावरही आधी उतरा 😉 पुढच्या आठवड्यात दुसरे चार.

सकाळी गवतावर दंव असतं. नवा लेदर बॉल ओल्यात घातला की फुगतो आणि जड होतो, मग तो ना स्विंग होतो ना हातात बसतो. तेव्हा साडेसातपर्यंत फिल्डिंग, कॅचिंग आणि जुने बॉल. नेटमध्ये नवा बॉल त्यानंतर. फास्ट बोलरांनी तोंड वाकडं करू नये, तुमच्या खांद्याला तेवढाच वॉर्मअप 💪

कुंडईला पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यांना सकाळ जमणार नाही, ठाऊक आहे. त्यांच्यासाठी रविवारी दुपारी साडेतीन ते साडेपाच नेट ठेवलंय. त्या दिवशी फुटबॉलवाल्यांची मॅच बाहेर असते. रविवारी बाकीचेही या, पण नेटमध्ये पहिला नंबर शिफ्टवाल्यांचा.

जत्रांचा सीझन सुरू झालाय, हेही लक्षात आहे 🎭 रात्रभर नाटक बघून पहाटे घरी येणार असाल तर आदल्या दिवशीच ग्रुपवर टाका, कोणी रागावणार नाही. फक्त गुपचूप झोपू नका. आणि नाटकात स्वतःच काम असेल तर मेकअप पुसून या. गेल्या वर्षी एक जण ओठांना लाली लावून स्लिपमध्ये उभा होता, आणि बॅट्समनचं लक्ष बॉलवर राहिना 💄😂

उशिरा येणाऱ्याला दंड पैशाचा नाही. त्याने सगळ्यांना पातळभाजी आणि उंडे खाऊ घालायचे 🍞 पोदेर सव्वासातला मैदानाच्या गेटवरून पोंपों वाजवत जातो, तेव्हा "आज मिळाले नाहीत" ही सबब चालणार नाही. (मी स्वतः उशिरा आलो तर सोबत मिरची भजीही. लिहून देतो 🌶️)

येणाऱ्यांनी खाली 🏏 टाका, न येणाऱ्यांनी कारण टाका. नुसता 👍 नको, त्याचा अर्थ "वाचलं" की "येतो" हे मला अजून कळलेलं नाही.

गेटची किल्ली माझ्याकडे आहे. सव्वासहाला उघडतो.

तुमचा कॅप्टन 🧢

ता. क. : कोणाचं तरी डाव्या हाताचं एकच बॅटिंग ग्लोव्ह माझ्या डिकीत दोन आठवडे पडून आहे. वास सुटलाय. मंगळवारी घेऊन जा 🙏🤢