राखलेले वीस गुंठे

पौडजवळच्या त्या दोन एकर दहा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आईच्या पश्चात तीन नावे लागली होती. आक्काने फोनवर "तुम्ही दोघे ठरवाल तिथे मी सही करीन" असे सांगून टाकल्यामुळे निर्णय विठ्ठल आणि सुनील या दोघा भावांवर येऊन पडला. विसाराचा एकवीस लाखांचा धनादेश चार दिवस बियाण्याच्या डब्यात पडून होता.

भोसरीच्या कारखान्यात नोकरी करणारा धाकटा सुनील विकायला उतावीळ असेल, असे गावाला वाटत होते. प्रत्यक्षात विकायचा आग्रह विठ्ठलचा होता.

"दादा, बापाची जमीन आहे. ती विकून काय तोंड दाखवायचे?"

"तोंड दाखवायला तू वर्षातून दोनदा येतोस," विठ्ठल शांतपणे म्हणाला. "शेजारच्या वसाहतीसाठी भराव टाकल्यापासून ओढ्याचे पाणी आपल्या खाचरांत तुंबते. गेल्या वर्षी वरच्या चार खाचरांतले इंद्रायणीचे रोप लावणीनंतर आठवड्यात कुजले. लावणीला माणूस मिळत नाही आणि माझे गुडघे चिखलात उतरू देत नाहीत. तू येणार आहेस का चिखलणीला?"

सुनीलकडे उत्तर नव्हते. वहिनीने चहा आणून ठेवला, तोही निवला. बराच वेळाने तो म्हणाला, "सगळी विकली तर कोणत्याच सातबाऱ्यावर आपले नाव उरणार नाही. उद्या माझ्या पोराला शेती घ्यावीशी वाटली, तर शेतकरी असल्याचा दाखला कोठून आणायचा?"

हे विठ्ठलच्या मनात आलेच नव्हते. इतकी वर्षे त्याला शेतकरी असल्याचे कोणाला सिद्ध करून दाखवावे लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ आला तेव्हा वीस गुंठे राखून बाकीचे सत्तर द्यायचे, असे दोघांनी सांगितले. त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या, एक फोन केला आणि मग उदारपणाचा आव आणत रस्त्याकडेचा तुकडा ठेवून घेण्याचा सल्ला दिला, कारण पुढेमागे त्यालाच भाव येणार होता. (त्या बाजूने विजेची उच्चदाब वाहिनी जाते, हे तो बोलला नाही.) सुनीलला आंब्याखालची जागा हवी होती. विठ्ठल मात्र दोघांना मागे ठेवून बांधाबांधाने खाली उतरला आणि विहिरीलगतच्या तीन खाचरांपाशी थांबला. तेथे भराव पोहोचला नव्हता आणि पाणी अजून आपल्या वाटेने निघून जात होते.

"हीच," तो म्हणाला.

"इथे यायला रस्ता नाही, काका," मध्यस्थ म्हणाला.

"मग खरेदीखतात आठ फुटांची वाट लिहून द्या. ती लिहिल्याशिवाय आक्काची सही होणार नाही."

मध्यस्थ पुन्हा फोन लावत बाजूला गेला. सुनील खाचरात उतरला, कोरडे ढेकूळ बुटाने फोडून पाहिले आणि विचारले, "राब कधी भाजायचा?"

"पाडव्यानंतर. शनिवारी ये, आणि बूट घरी ठेवून ये."