सौ. स्मितास, गाऱ्हाण्यांसह

(कार्डाचं दर्शनी पान)

आंबा घाट चढून कोल्हापुरात आली सोलकढी,
स्मिताचं नाव घेतो, तिचा राग टिकतो एकच घडी!

लग्नाच्या 22 व्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा.

(आतली पानं)

प्रिय स्मिता,

दुकानात तयार कार्डं पुष्कळ होती. कुणावर गुलाब, कुणावर चंद्र. तुझ्याबद्दल मात्र एकातही अक्षर नव्हतं. फ्रीजरबद्दल नव्हतं, पंख्याबद्दल नव्हतं, दुधाच्या पिशव्यांबद्दल तर नव्हतंच. म्हणून हे घरीच लिहिलंय. तक्रारी बऱ्याच आहेत, तेव्हा चहा घेऊन बस. अर्धाच कप म्हणशील, तरी पूर्ण ओतून घे. दुसरा अर्धा तुला पाच मिनिटांनी लागतोच. आणि हो, आलं पाण्यातच उकळलंय. दूध घातल्यावर कच्चं आलं टाकलं की चहा फाटतो, हे ह्या घरात भिंतींनाही पाठ आहे.

पहिलं गाऱ्हाणं फ्रीजरचं. आइस्क्रीमचा डबा उघडावा तर आत खवलेलं खोबरं. श्रीखंडाच्या डब्यात आलं-लसणाचं वाटण. गुलाबजामच्या डब्यात सोललेले मटार. डब्यावरचं चित्र आणि आतला माल यांची ह्या घरात कधी गाठच पडत नाही. पाहुण्यांची मुलं ‘आइस्क्रीम आहे!’ म्हणून ओरडतात आणि झाकण उघडल्यावर त्यांचे चेहरे बघवत नाहीत. खोबऱ्याचा तर तुझा वेगळाच कायदा. करवंटीपर्यंत खवायचं नाही, काळपट भाग आला की थांबायचं, नाहीतर सोलकढी मळकट दिसते. एकेका वाटीचे चपटे पुडे करायचे, म्हणजे लागेल तेवढाच बाहेर निघतो. एकदा बाहेर काढून मऊ झालेला पुडा परत आत गेला, तर तो ठेवणाऱ्याची खैर नाही. खरं आइस्क्रीम कुठे असतं, ते मला माहीत आहे. मेथीच्या पिशवीमागे, स्टीलच्या डब्यात, लेक पुण्याहून येईपर्यंत. मी त्याला हात लावत नाही, फक्त आहे का ते बघतो.

दुसरं गाऱ्हाणं जरा मोठं आहे, कारण ते दर दहा दिवसांनी येतं: तूप. आठ-दहा दिवस साय साठणार, तोवर माझ्या कॉफीवर साय येऊ द्यायची नाही. साठली की चमचाभर दही लावून रात्रभर विरजण. सकाळी घुसळायला बसलीस की थंड पाण्याचा तांब्या मीच आणायचा, आणि तो माठातला चालत नाही, फ्रीजमधलाच लागतो. मे महिन्यात बर्फाचे खडेही. ताक कोमट राहिलं तर लोणी गोळा होत नाही, तसंच पातळ तरंगत बसतं, आणि मग तुझा सबंध दिवस त्या पातेल्याच्या नावाने जातो. लोणी आलं की ते पाण्यातून दोन-तीनदा धुवायचं, पाणी नितळ निघेपर्यंत. ताकाचा अंश राहिला की तुपाला आंबूस वास येतो आणि ते टिकत नाही.

एवढ्यावर माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या अर्ध्या तासाची आहे. लोणी मंद गॅसवर चढलं की घरात बोलायला बंदी. टीव्ही बंद. मिक्सर बंद. फोन वाजला तर तो घेऊन गॅलरीत जायचं. कारण तू तूप बघत नाहीस, ऐकतेस. आधी फसफस, मग मोठी तडतड, मग ती तडतड बारीक होत जाते. ती थांबता थांबता, तळाची बेरी बदामी झाली की गॅस बंद. अर्धं मिनिट आधी उतरवलं तर पाण्याचा अंश राहतो, अर्धं मिनिट उशीर झाला तर बेरी करपते आणि सगळ्या तुपाला तो वास लागतो. विड्याचं पान टाकायचं ते अगदी शेवटी. मग गाळणं, आणि बरणी हलू न देता ओट्यावर ठेवणं, म्हणजे रवाळ तूप धरतं. त्या वेळी तू डोळे मिटून, मान किंचित कढईकडे कलती करून उभी असतेस. तुझ्या उजव्या कानामागची ती एक पांढरी बट मला तेव्हाच नीट दिसते, कारण एरवी तू एका जागी उभी राहतेसच कुठे? बेरीत साखर घालून ती वाटी मलाच मिळते, ह्याची नोंद इथे करून ठेवतो. तक्रार मात्र कायम.

तिसरं, पंखा. भर मे महिन्यात तुला पंखा पाचवर लागतो आणि अंगावर गोधडी. आईच्या सुती लुगड्यांची, चांगली चार पदरी. पंखा तीनवर आणला की झोपेतून विचारतेस, ‘कुणी कमी केला?’ घरात आपण दोघंच. गोधडी काढ म्हटलं, तर पायांना वारा लागतो. वीज गेली की मात्र झोपेतच उशीखालचा पुठ्ठा काढून वारा घालायला लागतेस. डोळे मिटलेले, हात चालू. तो वारा नेहमी माझ्या अंगावर कसा येतो, हे तू एकदा सांगच.

कॅलेंडरचंही बोललं पाहिजे. तुझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख असते, दुधाचे खाडे असतात, पेपरवाल्याची सुट्टी असते, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपणार ते असतं, आणि माझ्या आत्याच्या नातवाचा वाढदिवससुद्धा असतो. गेल्या आठवड्यात आजच्या तारखेचा चौकोन मुद्दाम जाऊन बघितला. तिथे लिहिलंय: ‘टाकी धुणार. पाणी भरून ठेवणे.’ स्मिता, हे बरं नव्हे. मी त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘लग्न’ असं लिहिलं आहे. पाणी सकाळीच भरलं आहे, दोन्ही पिंप आणि बाथरूममधल्या बादल्याही.

बाजाराबद्दल थोडक्यात लिहितो, नाहीतर कार्डाला पुरवणी जोडावी लागेल. भेंडीचं टोक मोडून बघणं समजतं. दुधीला नख लावणं, वांगं हातात तोलून हलकं तेवढंच घेणं, कारण जड वांग्यात बिया, हेही मान्य. पण आंब्याच्या दिवसांत तुझ्याबरोबर मंडईत जाणं म्हणजे मला दिवसभराची रजाच टाकावी लागते. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांच्या आंब्याला. तेव्हापासून तर तू स्वतःला सरकारी निरीक्षकच समजतेस. पेटीतला आंबा उचलून देठापाशी हुंगणार. वास नाही आणि साल सगळीकडून एकसारखी पिवळीधमक, म्हणजे पावडरीवर पिकवलेला; खाली ठेव. साल जाड लागली की विक्रेत्याला तोंडावर सांगणार, ‘हा कर्नाटकचा आहे.’ तो नाही म्हणाला की कापायला लावणार आणि आतला पिवळा गर बोटाने दाखवणार: ‘आमचा केशरी असतो.’ मागे रांग खोळंबलेली, पुढे विक्रेता हात जोडून उभा. तरी मोडलेल्या पेटीतले दोन आंबे त्याच्याकडून जास्तीचे घेऊनच निघतेस. पुढच्या वर्षी तोच माणूस तुला लांबून हाक मारतो, ‘ताई, रत्नागिरीचा माल आलाय!’ आमच्या गल्लीतले चौघं जण तुला विचारल्याशिवाय पेटी घेत नाहीत. मला कुणी काही विचारत नाही, मी फक्त पिशव्या धरतो. आणि त्या पिशव्याही कापडी, तू जुन्या परकराच्या शिवलेल्या. राज्यात प्लास्टिकबंदी त्याच 2018 मध्ये आली, तुझी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या फरशीवर चिकटवून वाळवतेस, तिथे पाहुण्यांना नक्षी वाटते. पिशवीचा कोपरा कापताना तो तुटून वेगळा होऊ द्यायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण सुटा तुकडा कचऱ्यात हरवतो. हा नियम मी आता ऑफिसातही शिकवतो.

घरातून निघण्याचं काय सांगू? कुलूप तीनदा ओढून बघणार. लिफ्ट खाली पोचली की ‘गॅस!’ परत वर. रेग्युलेटरचं बटण बंदच असतं, ते तूच बंद केलेलं असतं. मग गीझर, मग गॅलरीचं दार. आंबा घाट लागायच्या आधी मात्र न मागता आलेपाकाची वडी माझ्या हातावर येते. वळणांवर मला मळमळतं, हे बाकी कुणालाही माहीत नाही.

शेवटचं आणि सर्वांत गंभीर. कोल्हापूरच्या आमटीत गूळ! ‘खडाभरच आहे,’ म्हणतेस. खडा केवढा, ते मी ताटात बसून ओळखतो. वर आमसूल. माझी आई पहिल्यांदा गप्प राहिली, दुसऱ्यांदा म्हणाली, ‘बरी लागते की गं,’ आणि मग ती स्वतःच आमसुलं मागवायला लागली. म्हणजे ह्या बाबतीत मला घरात एकही साक्षीदार उरला नाही. रविवारी तांबडा रस्सा करतेस तेव्हा कांदा-लसूण मसाला अगदी माझ्या आईच्या हाताचा पडतो, स्वतः मात्र सोलकढी-भात घेऊन बसतेस. आज संध्याकाळी दोन्ही मी करतोय. सोलकढी गॅसवर चढवणार नाही, नारळाचं दूध फुटतं, माहीत आहे. आगळ अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवणार नाही, स्टीलच्याच. तू फक्त ओट्याजवळ येऊन ‘सरका, मी करते’ म्हणू नकोस. आमटीही करणार आहे. गूळ घालणार आहे.

खूप खूप शुभेच्छा, बाईसाहेब.

तुझाच,
अहो

(कार्डाची मागची बाजू)

ता. क. साडी इरकल आहे, सुती, मोरपंखी, काठ लाल. पहिल्यांदा थंड पाण्यात वेगळी भिजव, काठाचा रंग दुसऱ्या कपड्यांना लागायला नको. खोक्याच्या कागदाला सेलोटेप दोनच ठिकाणी लावलाय आणि त्याची टोकं दुमडून ठेवलीत, म्हणजे तू नखाने हळूच काढशील आणि कागद फाटणार नाही. दोरीही गाठ न मारता नुसती गुंडाळली आहे. दोन्ही तुझ्या गादीखालच्या साठ्यात जमा कर.