रेषेपलीकडचा चेंडू

(कोल्हापूर, 18 डिसेंबर 2022. अर्जेंटिना-फ्रान्स विश्वचषक अंतिम सामना, जादा वेळ. आजी मटार सोलतेय.)

आजी: त्या फ्रान्सच्या पोरानं चेंडू बाहेर हाणला की! गोल कसला?

नात: अख्खा चेंडू रेषा ओलांडून गेला होता, आजी. मग बाहेर काढला तरी गोलच.

आजी: मग आता का खोळंबलेत?

नात: ऑफसाइड बघतायत. दे ते मटार. हा त्यांचा गोलकीपर, हा बचावातला शेवटचा गडी. आपल्यातल्यानं चेंडू मारला, त्या क्षणी आपला गडी चेंडूच्या आणि या बचाववाल्याच्या पुढं नको.

आजी: पुढं उभारलं तर काय बिघडलं?

नात: मग सगळे गोलपाशीच तळ ठोकतील. खेळ कसला राहतोय?

आजी: हे खरं. तुझे आजोबा शाहू स्टेडियमवरनं घसा बसवून यायचे, पण एवढं कधी सांगितलं नाही बघ.

नात: दिला! मेस्सीचा गोल, 3-2!

आजी: नाचू नको. त्या एम्बापेनं मघाशी दोन मिनिटांत दोन मारलेत. अजून किती वेळ?

नात: दहा-बारा मिनिटं.

आजी: मग मटार ऱ्हाऊ दे तसाच मांडून.