पदवीचे शिक्षण व परीक्षा इंग्रजी माध्यमातून झाल्याचा दाखला मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 8 जून 2026

प्रति,
मा. प्राचार्य,
वरिष्ठ महाविद्यालय, शहादा, जि. नंदुरबार

अर्जदार : नीलेश सुभाष पाटील (माजी विद्यार्थी, बी.एस्सी. रसायनशास्त्र)

महोदय,

मी 2022-23 मध्ये आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आणि 2025 च्या उन्हाळी परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. उत्तीर्ण झालो. पदवी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव यांची आहे. आता जर्मनीत एम.एस्सी.साठी अर्ज करतो आहे. अर्जाची मुदत 15 जुलैला संपते.

माझी दहावी मराठी माध्यमातून झाली आहे आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर माध्यमाचा उल्लेख नाही. त्यामुळे तेथील प्रवेश कार्यालयाने महाविद्यालयाचे स्वतंत्र पत्र मागितले आहे. कार्यालयातून मिळणाऱ्या छापील बोनाफाईडमध्ये माध्यमाचा रकाना नसतो, म्हणून तो येथे उपयोगी पडणार नाही.

दाखल्यात अध्यापन आणि परीक्षा या दोन्हींचा वेगवेगळा उल्लेख हवा आहे. नुसते ‘इंग्रजी माध्यम’ लिहिले तर ते पत्र परत पाठवतात, असे आधी गेलेल्या मुलांकडून कळले. एक गोष्ट मात्र आपल्या निदर्शनास आणतो. द्वितीय वर्षाला मी भाषा विषय म्हणून मराठी घेतली होती व तो पेपर मराठीतच लिहिला. गुणपत्रिकेवर तो विषय दिसतो, त्यामुळे सरसकट ‘सर्व विषय’ असे न लिहिता ‘मराठी भाषा विषय वगळता सर्व विषयांचे अध्यापन, प्रात्यक्षिके व लेखी परीक्षा इंग्रजीतून’ असा मजकूर द्यावा, ही विनंती. त्याचा इंग्रजी मसुदा सोबत जोडला आहे. रसायनशास्त्र विभागप्रमुखांना तो दाखवला असून त्यांची त्यावर सही आहे.

गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव आहे, पासपोर्टात तसे नाही. दाखल्यावर पासपोर्टप्रमाणे नाव घालावे. पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, आपली सही व गोल शिक्क्यासह असावे. खाली महाविद्यालयाचा अधिकृत ईमेलही द्यावा, कारण पडताळणीसाठी ते थेट तिकडेच लिहितात. मूळ प्रती दोन लागतील.

मी सध्या अंकलेश्वरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि शिफ्टमुळे लगेच सुट्टी मिळणे अवघड आहे. दाखला माझा धाकटा भाऊ गणेश सुभाष पाटील याच्याकडे द्यावा. त्याच्यासोबत माझे अधिकारपत्र आणि दोघांच्या आधारच्या प्रती आहेत. जे शुल्क असेल ते तो कॅश काउंटरवर भरून पावती घेईल. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असते याची कल्पना आहे, तरी 25 जूनपर्यंत दाखला मिळाल्यास पुढे कागदपत्रे साक्षांकित करून पाठवायला वेळ राहील.

आपला विश्वासू,
नीलेश सुभाष पाटील

सोबत : सहा सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला व पासपोर्टच्या झेरॉक्स, इंग्रजी मसुदा, प्रवेश कार्यालयाच्या ईमेलची प्रत, अधिकारपत्र व आधारच्या प्रती.