ओळखायला मदत हवी : दाते नसलेली पितळी किल्ली, पानावर उलटा ७ (लालबाग, चाळीतला पोटमाळा)

मंडळी, नमस्कार. आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. दोन आठवड्यांपूर्वी आजीचा पोटमाळा रिकामा केला तेव्हा आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या रेशन कार्डांखाली, ही वस्तू रुमालात बांधलेली मिळाली. दिसायला किल्ली आहे, पण तिने एखादं कुलूप उघडत असेल असं मला वाटत नाही. का, ते खाली सविस्तर लिहितो. सहा फोटो जोडले आहेत, प्रत्येकात पट्टी ठेवली आहे.

मापं व्हर्नियरने घेतली आहेत. एकूण लांबी ६०.२ मिमी. दांडी गोल, ९.५ मिमी जाड, म्हणजे जवळजवळ बरोबर ३/८ इंच, त्यामुळे बनावट इंची मापातली असावी. मूठ लंबगोल आहे, २६ × १९ मिमी, जाडी ४.८, आणि मधलं भोकही लंबगोलच. दांडीच्या टोकाला मधोमध एक गोल भोक आहे, ४ मिमी रुंद आणि १२ मिमी खोल, आरपार नाही. दांडीच्या एका बाजूने टोकापासून वर १५ मिमीपर्यंत २ मिमी रुंदीची सरळ खाच आहे. कडा अजून इतक्या धारदार आहेत की ती झिजून पडलेली नाही, मुद्दाम पाडलेली आहे. म्हणजे ही वस्तू जिथे कुठे जात असेल तिथे एकाच बाजूने जात असणार.

टोकाजवळ आडवं पान आहे, ११ × ६.३ मिमी, ४ मिमी जाड. कुलपाच्या किल्लीला इथे दाते किंवा खाचा असतात. इथे एकही नाही. त्याऐवजी पानाच्या सपाट अंगावर इंग्रजी ७ उठावात आहे, ५ मिमी उंच, आणि तो उलटा आहे, आरशात धरल्यावर सुलटा दिसतो. साबणाच्या वडीवर दाबून पाहिला तर स्वच्छ सरळ ७ उमटला (फोटो ४). पातळ कागदाखाली रबर ठेवून दाबला तरी कागदावर आकडा उठतो. सगळ्यांत जास्त विचार मी याच गोष्टीचा केला आहे.

धातू पितळच आहे याची खात्री करून घेतली. चुंबक चिकटत नाही. कोरडं वजन ३४.१ ग्रॅम भरलं. मग वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि किल्ली दोऱ्याने पाण्यात अधांतरी धरली, तळाला टेकू न देता. काटा ४.० ग्रॅमने वाढला, म्हणजे आकारमान ४ घनसेंमी आणि घनता साधारण ८.५. लोखंड ७.९ च्या आसपास येतं, शुद्ध तांबं ८.९ च्या वर जातं. ८.५ पितळाला बरोबर बसतं.

मुठीत साखळीच्या तीन कड्या अडकलेल्या होत्या, वजन करण्याआधी त्या काढून ठेवल्या. त्या लोखंडी आहेत, गंजलेल्या, त्यांना चुंबक चिकटतो. शेवटची कडी कापलेली किंवा ओढून तुटलेली नाही, पक्कडीने तोंड उघडून सावकाश काढल्यासारखी दिसते.

आता खुणा. मुठीच्या एका अंगावर ठशाने मारलेला साधा, सुलटा ७. दुसऱ्या अंगावर कमानीत बारीक इंग्रजी अक्षरं, त्यातलं ‘मेड इन इंग्लंड’ भिंगाखाली वाचता येतं, त्याआधीचा शब्द पूर्ण घासला गेला आहे. दांडीवर मात्र वेगळंच काही आहे : ‘सी’ आणि ‘आर’ ही दोन इंग्रजी अक्षरं, हाताने एकेक ठसा मारून उठवलेली. एक वर, एक खाली, तिरपी. ती नक्कीच कारखान्यातून आलेली नाहीत, नंतर इथे कुणीतरी मारलेली आहेत.

‘सी आर’ पाहून माझ्या डोक्यात साहजिकच सेंट्रल रेल्वे आली. परळचा रेल्वे वर्कशॉप आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण डब्याच्या दाराच्या किल्ल्या मी हाताळल्या आहेत, त्यांच्या टोकाला चौकोनी किंवा तिकोनी खोबण असते. इथलं भोक गोल आहे, ते काहीही फिरवू शकणार नाही. त्याच कारणाने घड्याळाची चावीही बाद. चोरबाजारातल्या एका दुकानदाराने ट्रामचं काहीतरी असेल असं सुचवलं. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तेव्हा काळ जुळू शकतो, पण मग छापण्यासारखा उलटा आकडा कशाला, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. गाठोड्यांवर नंबर मारायचा ठसा म्हणावा तर वर हातोडीचा एकही घाव नाही, आणि मूठ तर टांगायलाच केलेली आहे.

घरातली माहिती अशी. आजोबा १९५३ साली गिरणीत साचेखात्यात लागले. पुढे साच्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा त्यांना पहाऱ्यावर दिलं, कायमची रात्रपाळी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजोबांची नोकरी तिथेच संपली. १९९४ साली ते गेले. रेल्वेत आमच्या घरचं कुणीच नव्हतं.

आजीचं वय आता ८६. किल्ली तिच्या हातावर ठेवली तर बराच वेळ नुसती चाचपत राहिली. मग म्हणाली, “ही भिंतीवरची रे. घरी आणायची नव्हती. परत द्यायची राहिली, ते ह्यांच्या मनाला लागून होतं.” कुठल्या भिंतीवरची, हे तिला सांगता येत नाही. आजोबांनी एकदाच सांगितलं होतं एवढंच आठवतं. दुसऱ्या दिवशी मात्र चहा पिता पिता आपणहून बोलली, “रात्री सगळ्या खात्यांतून फिरायला लागायचं त्यांना. बसून राहिलं तर सकाळी साहेबाला कळायचं.” साहेबाला कसं कळायचं, हे विचारलं तर म्हणाली, “घड्याळात यायचं.”

त्यामुळे माझा अंदाज असा : ही किल्ली काही उघडत नव्हती, आकडा उमटवत होती. भिंतीला साखळीने बांधलेली असायची आणि पहारेकरी तिथे पोचल्याशिवाय तो ७ कुठेही उमटणं शक्य नव्हतं. पण आजी म्हणते ते घड्याळ कसलं, भिंतीवरचं की बरोबर न्यायचं, कागद त्यात कुठे असायचा, हे तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल तर कृपया लिहा. तसं घड्याळ संग्रहात असल्यास त्याच्या किल्लीच्या भोकाचं माप कळवा. माझ्या दांडीची ९.५ मिमी जाडी आणि २ मिमीची खाच त्याला जुळते का, तेवढं पाहिलं तरी पुष्कळ आहे. आणि ज्यांच्या घरात गिरणीतलं कुणी आहे त्यांना हेही विचाराल का, की ‘सी आर’ हे एखाद्या खात्याचं नाव होतं का? कार्डिंगला इंग्रजीत कार्ड रूम म्हणत असं आईच्या कानावर आहे.

किल्ली विकायची नाही. घासलेलीही नाही. आजी चिंच घेऊन बसलीच होती, पण घासल्या गेलेल्या शब्दातलं एखादं अक्षर अजून वाचता येईल या आशेने तिला थांबवलं. कोमट पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच केलं आहे. तिरप्या उजेडात आणखी फोटो हवे असतील तर कोणत्या बाजूचे ते सांगा, रविवारी काढून टाकतो. महिनाअखेरीस आजीला भाड्याच्या घरात हलवायचं आहे. त्याआधी कळलं तर तिच्याजवळ बसून सांगता येईल.