नवरात्र ते कोजागिरी २०२६: लातूरहून कुटुंबासह देवदर्शनाच्या गाड्या, भाडे, वेळा आणि वेटिंग

यंदा घटस्थापना रविवारी ११ ऑक्टोबरला आहे, दसरा मंगळवारी २० ला आणि कोजागिरी रविवारी २५ ला. या पंधरा दिवसांचे दर खाली दिले आहेत. फोनवर एक भाडे आणि घरी उतरल्यावर दुसरे, असे आमच्याकडे होत नाही. फक्त वेटिंगचा भाग नीट वाचून घ्या. भाड्यावरून वाद क्वचितच होतो, वाद होतो तो वेटिंगवरून.

तुळजापूर (१७० किमी, १० तास)
डिझायर ₹२,६००
एर्टिगा ₹३,४००
इनोव्हा क्रिस्टा ₹४,४००
क्रूझर ₹४,२००
१७ सीटर ट्रॅव्हलर ₹५,८००

अंबाजोगाई आणि परळी वैजनाथ (१७० किमी, ९ तास)
डिझायर ₹२,५००
एर्टिगा ₹३,२००
क्रिस्टा ₹४,२००
क्रूझर ₹४,०००
ट्रॅव्हलर ₹५,५००

तुळजापूर आणि अक्कलकोट, एका दिवसात (३४० किमी, १५ तास)
डिझायर ₹४,५००
एर्टिगा ₹५,७००
क्रिस्टा ₹७,४००
क्रूझर ₹७,०००
ट्रॅव्हलर ₹९,८००

माहूर, दोन दिवस (६०० किमी)
डिझायर ₹८,२००
एर्टिगा ₹१०,२००
क्रिस्टा ₹१३,२००
ट्रॅव्हलर ₹१७,५००

परळी, औंढा नागनाथ, घृष्णेश्वर, दोन दिवस (७८० किमी)
डिझायर ₹१०,४००
एर्टिगा ₹१२,९००
क्रिस्टा ₹१६,८००
ट्रॅव्हलर ₹२२,५००

डिझेल-सीएनजी आणि ड्रायव्हरचा भत्ता या भाड्यातच आला. टोल आणि पार्किंग वेगळे. टोल फास्टॅगमधून कापला की मेसेज येतो, तो मेसेज तुम्हाला दाखवू आणि तेवढेच पैसे घेऊ. पार्किंगची पावती मागून घ्या. पावती नसेल तर ते पैसे देऊ नका, मागणारा ड्रायव्हर आमचा असला तरी.

ठरलेल्या किलोमीटरच्या वर गाडी गेली तर डिझायरला किलोमीटरमागे ₹१२, एर्टिगाला ₹१५, क्रिस्टा आणि क्रूझरला ₹१९, ट्रॅव्हलरला ₹२६. किलोमीटर तुमच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत मोजतो, आमच्या शेडपासून नाही. हे लातूर शहरापुरते आहे. औसा, रेणापूर किंवा निलंग्याहून बसायचे असेल तर मोजणी लातूरपासून सुरू होईल. निघताना मीटरचा फोटो तुम्हीच काढा, परत आल्यावर दुसरा.

सूट

सोमवार १२, बुधवार १४, गुरुवार १५ आणि शनिवार १७ ऑक्टोबर या चार दिवसांत एका दिवसाच्या कोणत्याही फेरीच्या भाड्यात १० टक्के सूट. बुकिंग ४ ऑक्टोबरच्या आत आणि ₹१,००० अॅडव्हान्स देऊन व्हायला हवे. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी तुळजापूरला गर्दी इतकी असते की गाडी दिवसभर तिथेच अडकते, त्या दिवसांना सूट देणे आम्हाला परवडत नाही. अष्टमी १९ ला आहे, त्या दिवशीही नाही आणि दसऱ्यालाही नाही. जमत असेल तर १४ किंवा १५ तारीख धरा. पैसे वाचतील आणि रांगही त्यातल्या त्यात सुसह्य असेल.

वेटिंग

तास मोजायला सुरुवात होते ती गाडी ठरलेल्या वेळी तुमच्या दारात उभी राहिल्यापासून, आणि शेवट होतो शेवटची व्यक्ती सामानासह उतरल्यावर. पहाटे चारची वेळ ठरली आणि घरातले साडेचारला बाहेर आले, तर तो अर्धा तास तुमचाच गेला. गाडी उशिरा आली तर मात्र ती येईल तेव्हापासून मोजू.

ठरलेले तास संपले की दर तासाला डिझायर ₹१००, एर्टिगा ₹१३०, क्रूझर ₹१५०, क्रिस्टा ₹१७०, ट्रॅव्हलर ₹२२०. हिशेब अर्ध्या तासाच्या टप्प्याने करतो. टप्प्याच्या वर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ झाला तर ती मिनिटे सोडून देतो.

सणाची खरी सवलत इथे आहे. ११ ते २० ऑक्टोबर या काळात तुळजापूरच्या फेरीला दहा तासांनंतरचे पहिले दोन तास माफ. दर्शनाची रांग कुणाच्याच हातात नसते, तिचा भुर्दंड तुमच्यावर घालणे बरोबर वाटत नाही. पोलिसांनी रस्ता अडवला किंवा वाहतूक वळवली तर तो वेळ धरत नाही. गाडी बंद पडली तरी नाही. बंद पडलेल्या गाडीच्या जागी दुसरी गाडी येईल, तिचे वेगळे पैसे नाहीत.

रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत गाडी रस्त्यावर असेल तर नाइट भत्ता ₹३००, एका रात्रीला एकदाच. पहाटे चारला निघणाऱ्या फेरीला तो लावत नाही, नाहीतर पहाटेचे दर्शन घेणाऱ्यालाच दंड केल्यासारखे होईल.

एक हिशेब मांडून दाखवतो. बुधवारी १४ तारखेला एर्टिगाने तुळजापूर. पहाटे चारला दारात गाडी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी घरी. दहा तास दोन वाजता संपले, माफीचे दोन तास धरून चार वाजले. पुढचा वेळ एक तास दहा मिनिटे. वरची दहा मिनिटे सोडली, राहिला एक तास, म्हणजे ₹१३०. भाडे ₹३,४००, त्यातून सूट ₹३४० वजा करून ₹३,०६०. पार्किंगची पावती समजा ₹१०० ची. एकूण ₹३,२९०. अॅडव्हान्सचे हजार वजा जाता ₹२,२९०, आणि टोल कापला गेला असेल तर तेवढा. किलोमीटर १७० च्या आत असल्यामुळे त्याचा प्रश्नच नाही.

पार्किंगमध्ये गाडी उभी असताना एसी चालू ठेवायला सांगू नका. म्हातारे माणूस किंवा तान्हे बाळ गाडीत थांबणार असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. उभ्या गाडीचा एसी तासाला पाऊण ते एक लिटर इंधन खातो, म्हणून त्याचे तासाला ₹८० वेगळे घेतो. आजींना उन्हात गाडीत बसवून ठेवण्यापेक्षा ते कधीही बरे.

किती वाजता निघावे

तुळजापूरसाठी पहाटे साडेतीन ते चार. औशावरून साधारण पावणेदोन तास लागतात. घटस्थापनेच्या आधीची रात्र मात्र वेगळी असते. गावोगावची मंडळी तुळजापूरहून ज्योत घेऊन धावत निघतात, रस्त्याच्या कडेने जथे चाललेले असतात आणि गाडी वीस-तीसच्या वर नेता येत नाही. १० तारखेच्या रात्री निघणाऱ्यांनी तास-दीड तास जास्त धरावा. त्या रात्री वेगासाठी ड्रायव्हरच्या मागे लागू नका.

नवरात्रात गाड्या गावाबाहेरच थांबवतात. तिथून मंदिरापर्यंत चालत जावे लागते. मंदिर खोलगट जागेत आहे, त्यामुळे जाताना पायऱ्या उतरायच्या आणि दर्शन घेऊन दमल्यावर त्याच चढायच्या. गुडघेदुखीवाल्यांना त्रास होतो तो परतताना. घरात असे कुणी असेल तर गर्दीचे दिवस टाळाच.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागिरीपर्यंत देवी पलंगावर निद्रेत असते. दर्शन होते, पण सिंहासनावरच्या मूर्तीचा अभिषेक मनात धरून निघालात तर मन खट्टू होईल. २१ ते २५ चे बुकिंग घेताना हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

कोजागिरीला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून हजारो लोक चालत तुळजापूरला येतात, त्यामुळे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर वाहने वळवली जातात. म्हणून २४ ते २६ ऑक्टोबरला तुळजापूर-अक्कलकोट ही जोडफेरी आम्ही घेत नाही. बाकीच्या दिवशी अक्कलकोटला नळदुर्गमार्गे नेतो.

अंबाजोगाई-परळीला सकाळी सहाला निघालात तरी चालते. आधी योगेश्वरी, मग वैजनाथ, दुपारच्या जेवणाला परळीत. सोमवारी हा क्रम उलटा करा.

तीन ज्योतिर्लिंगांच्या फेरीत पहिल्या दिवशी परळी आणि औंढा करून मुक्काम छत्रपती संभाजीनगरला, दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळ. औंढ्याला गाभारा खाली आहे आणि उतरायची वाट अरुंद, जाड अंगाच्या किंवा दम लागणाऱ्या माणसाला ते अवघड जाते. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना कमरेवरचे कपडे काढून जावे लागते. लेणी बघायची असतील तर दुसरा दिवस मंगळवार येऊ देऊ नका, वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. मुक्कामात ड्रायव्हरची झोपायची सोय तुम्ही करायची, नाहीतर रात्रीचे ₹३०० द्यायचे. गाडीत झोपलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तीनशे किलोमीटर चालवणार, हे लक्षात घेऊन काय ते ठरवा.

किती माणसे, किती सामान

ड्रायव्हर सोडून डिझायरमध्ये ४, एर्टिगात ६, क्रिस्टात ७, क्रूझरमध्ये १२, ट्रॅव्हलरमध्ये १७. लहान मूल मांडीवर बसले तरी ते माणूसच. दारात आल्यावर "अजून दोघंच आहेत, बसतील की" असे झाले तर गाडी निघणार नाही. जादा सवारीचा दंड बसतो आणि अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकतो.

आमच्या डिझायर आणि एर्टिगा सीएनजीच्या आहेत. डिकीत सिलिंडर असल्याने डिझायरमध्ये दोन मध्यम बॅगा मावतात. एर्टिगात तिसरी रांग भरली की एकही नाही, सामान वर कॅरियरला ताडपत्रीखाली. ओटीचे ताट, परडी, नारळाचे पोते असे काही असेल तर आधी सांगा. कापूर आणि तेलाची बाटली डिकीत सिलिंडरजवळ ठेवू देत नाही. क्रूझरला एसी नाही, म्हणून दोन दिवसांच्या फेरीला ती देत नाही. तुळजापूरला एकत्र कुटुंब न्यायला मात्र तिच्यासारखी गाडी नाही.

सगळ्या गाड्या पिवळ्या नंबर प्लेटच्या आहेत. सणात पांढऱ्या प्लेटच्या गाड्या चार-पाचशे रुपये कमी सांगतात, पण भाड्याने चालवलेल्या खासगी गाडीचा विमा गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही.

बुकिंग

हे पत्रक ज्या नंबरवरून आले त्यालाच व्हॉट्सअॅप करा: तारीख, निघायची वेळ, घरचा पत्ता, मुलांसह माणसे किती, पायऱ्या न चढणारे कुणी आहे का. अॅडव्हान्स ₹१,०००, दोन दिवसांच्या फेरीला ₹२,०००. आदल्या रात्री आठपर्यंत गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन तुम्हाला येईल. ४८ तास आधी रद्द केले तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर २४ तासांपर्यंत निम्मे, त्याच्याही नंतर काही नाही. घरात सुतक आले तर अॅडव्हान्स बुडत नाही, दिवाळीपर्यंत कोणत्याही तारखेला वळता करून देतो. १८, १९ आणि २० च्या क्रूझर दरवर्षी सगळ्यात आधी जातात.